४२ स्लाइड आणि एक पान: अतिथी व्याख्यानाचा वृत्तान्त लिहिताना

प्रश्न: आमच्या संख्याशास्त्र विभागात गेल्या आठवड्यात 'सिम्पसनचा विरोधाभास' या विषयावर अतिथी व्याख्यान झालं. पाहुण्यांनी ४२ स्लाइडची फाइल पाठवली आहे आणि विभागाच्या वार्तापत्रासाठी मला त्यावरून एक पानी वृत्तान्त लिहायचा आहे. प्रत्येक स्लाइडचं एक वाक्य करत गेलो तर तीन पानं झाली. कापत गेलो तर नुसती मुद्द्यांची यादी उरली. मी हजर होतो, पण टिपणं फारशी घेतली नाहीत. नमुन्याला एक स्लाइड देतो: 'मूतखडे, दोन उपचार. एकूण यश: अ ७८%, ब ८३%. लहान खडे: अ ९३%, ब ८७%. मोठे खडे: अ ७३%, ब ६९%. ???' काय ठेवू, काय काढू?

उत्तर:

तुम्हाला मजकूर जास्त झालाय असं वाटतंय, पण खरं तर तो कमी पडतोय. स्लाइडवर शब्द भरपूर असतात, व्याख्यान मात्र त्यांत नसतं. 'म्हणून', 'पण', 'आता गंमत बघा', 'हे मात्र नेहमी खरं नाही' असं जे वक्ता दोन स्लाइडच्या मध्ये बोलतो, ते फाइलमध्ये कुठेच उतरत नाही. तुमच्या नमुन्यातली तीन प्रश्नचिन्हंच बघा. त्या जागी पाहुणे थांबले असतील, समोरच्यांकडे बघितलं असेल आणि मग दोन-चार मिनिटं बोलले असतील. व्याख्यानाचा गाभा त्या बोलण्यात होता. तुम्ही प्रत्येक स्लाइडचं वाक्य केलंत तेव्हा ती प्रश्नचिन्हं तशीच राहिली, आणि कापायला लागलात तेव्हा आधीच सुटे असलेले मुद्दे आणखी सुटे झाले. म्हणून काय काढू हा विचार जरा बाजूला ठेवा. आधी तुटलेले दुवे परत जोडायला लागतील.

विभागाच्या वार्तापत्राचं काम मी बरीच वर्षं करते आहे आणि असे वृत्तान्त लिहिण्यापेक्षा दुरुस्त जास्त केले आहेत. तरी काही गोष्टी तुमच्याकडच्या परिस्थितीवर ठरतील. वार्तापत्र फक्त विभागातच वाचलं जातं, की माजी विद्यार्थी, पालक आणि इतर विभागांकडेही जातं? व्याख्यानाचं रेकॉर्डिंग आहे का? पाहुणे पत्राला उत्तर देतात का? मी असं धरते की वाचकांत संख्याशास्त्राबाहेरचेही लोक आहेत, रेकॉर्डिंग नाही, आणि पाहुण्यांना एखाद-दुसरा प्रश्न विचारता येईल. रेकॉर्डिंग असलं तरी पुढे सांगते तोच क्रम ठेवा. फक्त अडलं तिथे ऐकून खात्री करता येईल.

पहिलं काम फाइल बंद ठेवून करायचं. व्याख्यान चुकलेल्या एखाद्या मित्राला तुम्ही जिन्यात उभं राहून काय सांगाल, ते चार-पाच वाक्यांत लिहून काढा. आकडे आठवले नाहीत तरी चालेल. तुमच्या बाबतीत ते साधारण असं होईल: 'एकच माहिती एकत्र पाहिली तर एक निष्कर्ष निघतो, गटांत विभागून पाहिली तर बरोबर उलटा निघतो. दोन्हीकडचे आकडे खरेच असतात. मूतखड्याच्या उपचारांचं उदाहरण होतं. मग कुणीतरी विचारलं की कुठला निष्कर्ष धरायचा, आणि पाहुणे म्हणाले की ते आकड्यांवरून ठरत नाही.' हे शेवटचं वाक्य मी कल्पनेनं घातलंय, पण या विषयावरच्या बहुतेक व्याख्यानांत ते येतंच. तुमच्या आठवणीत जे आलं असेल ते लिहा. आठवडा उलटल्यावरही जे डोक्यात टिकलं, तोच वृत्तान्ताचा कणा आहे. फाइल आधी उघडलीत तर सगळंच सारखं महत्त्वाचं दिसायला लागतं, कारण स्लाइडवर मुख्य मुद्दा आणि तोंडी लावण्याचा मुद्दा एकाच आकाराच्या अक्षरांत असतात.

आता फाइल उघडा, पण नुसत्या स्लाइड चाळत जाऊ नका. पॉवरपॉइंटमध्ये View खालचं Notes Page उघडून पाहा. काही वक्ते स्लाइडखाली स्वतःसाठी टिपणं लिहितात आणि फाइल पाठवताना ती काढायची विसरतात. तिथे तुम्हाला हवी असलेली 'म्हणून'ची वाक्यं आयती मिळू शकतात. ती खाजगी टिपणं आहेत हे मात्र लक्षात ठेवा. समजून घ्यायला वापरा, पण त्यातलं वाक्य पाहुण्यांचं विधान म्हणून अवतरणात घालू नका. दुसरं, डावीकडच्या पट्टीत ज्या स्लाइडच्या क्रमांकावर तिरकी रेघ दिसते त्या लपवलेल्या असतात. वक्त्यानं मुद्दाम उघडल्या नसतील तर त्या व्याख्यानात दाखवल्याच गेलेल्या नाहीत. बहुतेक पाहुणे जुनं, मोठं सादरीकरण काटछाट करून आणतात, त्यामुळे अशा स्लाइड हमखास सापडतात. त्यातला मजकूर वृत्तान्तात आला तर न झालेल्या भाषणाचा वृत्तान्त होतो, आणि हजर असलेल्या वाचकाला ते लगेच कळतं. तुमच्याकडे पीडीएफ असेल तर यातलं सहसा काही दिसणार नाही. शिवाय एका क्लिकसरशी एकेक ओळ येणारी स्लाइड पीडीएफमध्ये एकदम सगळी दिसते. मूतखड्याच्या स्लाइडवर 'एकूण यश' ही ओळ बहुधा आधी आली असेल, सभागृहानं 'ब चांगला' असं मनात ठरवलं असेल आणि मग खालच्या दोन ओळी आल्या असतील. तो क्रम हीच त्या उदाहरणाची गंमत. लिहिताना तो तुम्हालाच परत उभा करायचा आहे.

एवढं झालं की निवड फारशी अवघड जात नाही. शीर्षक, वक्त्याची ओळख, 'आजचे मुद्दे' आणि 'धन्यवाद' या स्लाइड आपोआप जातात. इतिहासाच्या स्लाइडचा मोह होतो, कारण त्यांत नावं आणि सालं असतात आणि ती लिहायला सोपी. एडवर्ड सिम्पसन यांचा शोधनिबंध १९५१चा, त्याआधी १९०३मध्ये यूल यांनीही हीच गोष्ट दाखवली होती, वगैरे. एका पानात याला फार तर एक वाक्य, तेही वाचकाला विरोधाभास समजून झाल्यावर. सुरुवातीला घातलंत तर ज्याला विरोधाभास म्हणजे काय हेच माहीत नाही त्याला त्याची वंशावळ वाचावी लागते.

गणिताच्या स्लाइड एका पानात मावत नाहीत आणि मावल्या तरी वाचल्या जात नाहीत. त्या ठेवायच्या असतील तर 'असे का होते याची बीजगणितातली मांडणीही त्यांनी दाखवली' एवढं पुरे, आणि पाहुण्यांची हरकत नसेल तर पूर्ण स्लाइड कुठे मिळतील ते शेवटी सांगा.

राहतात उदाहरणं. या विषयावर बोलणारे अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या प्रवेशांचं उदाहरण सहसा देतातच, तेव्हा तुमच्याकडेही असेल. १९७३च्या प्रवेशांत अर्ज केलेल्या पुरुषांपैकी ४४ टक्के आणि स्त्रियांपैकी ३५ टक्के निवडले गेले. विभागवार पाहिल्यावर मात्र स्त्रियांविरुद्ध तसा कल दिसेना, कारण जिथे प्रवेश मिळणंच कठीण अशा विभागांत स्त्रियांचे अर्ज जास्त होते. उदाहरण उत्तम आहे, पण एका पानात दोन उदाहरणं घेतलीत तर दोन्ही अर्धवट राहतील. मी मूतखड्याचं ठेवेन. त्यात दोनच गट आहेत आणि वाचकाला बेरीज स्वतः करून बघता येते. बर्कलीचं विभागांच्या लांब तक्त्याशिवाय पटत नाही, त्याला अर्ध्या वाक्याचा उल्लेख पुरेल.

आता तुमची नमुना-स्लाइडच घेऊ. सगळी मेख तिच्यात आहे.

स्लाइडवर सहा टक्केवाऱ्या आहेत. जशाच्या तशा वाक्यात घातल्या तर असं होतं: 'उपचार अ चे एकूण यश ७८% तर ब चे ८३% होते, परंतु लहान खड्यांमध्ये अ ९३% व ब ८७% आणि मोठ्या खड्यांमध्ये अ ७३% व ब ६९% असे आढळले.' यात चूक काहीच नाही, पण वाचक गोंधळतो. दोन्ही प्रकारच्या खड्यांत अ पुढे, मग एकूणात मागे कसा? छापताना काहीतरी चुकलं असेल असं त्याला वाटेल. उत्तर या सहा आकड्यांत नाहीच. ते कुठला उपचार किती आणि कोणत्या रुग्णांवर केला त्यात आहे, आणि नेमके तेच आकडे स्लाइडवर नाहीत. पाहुण्यांनी ते तोंडी सांगितले असतील किंवा पुढच्या स्लाइडवर असतील.

हे उदाहरण प्रसिद्ध आहे, त्यामुळे मूळ आकडे सहज मिळतात. १९८६मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका अभ्यासातले ते आहेत. अ म्हणजे मोठा छेद देऊन केलेली शस्त्रक्रिया, ब म्हणजे त्वचेला छोटं छिद्र पाडून खडा काढणं. दोन्ही उपचारांचे रुग्ण ३५०-३५० होते. अ मध्ये लहान खड्यांचे ८७ रुग्ण होते, त्यातले ८१ बरे झाले. मोठ्या खड्यांचे २६३, त्यातले १९२. ब मध्ये लहान खड्यांचे २७०, त्यातले २३४. मोठ्या खड्यांचे ८०, त्यातले ५५. आता सगळं उलगडतं. मोठा खडा काढणं दोन्ही पद्धतींत अवघड, आणि अवघड रुग्णांतले बहुतेक अ च्या वाट्याला आले होते. म्हणून अ ची एकूण टक्केवारी त्याच्या मोठ्या खड्यांच्या आकड्याकडे ओढली गेली आणि ब ची लहान खड्यांच्या आकड्याकडे.

आता हाच मजकूर वार्तापत्राच्या भाषेत मी असा लिहीन:

> मूतखड्यावरील दोन उपचारांची तुलना त्यांनी आधी एका ओळीत दाखवली. मोठा छेद देऊन केलेली शस्त्रक्रिया ३५० पैकी २७३ रुग्णांत यशस्वी ठरली, तर त्वचेतून छिद्र पाडून खडा काढण्याची पद्धत ३५० पैकी २८९ रुग्णांत. दुसरी पद्धत सरस, असेच कोणीही म्हणेल. मग त्यांनी हेच रुग्ण खड्याच्या आकारानुसार वेगळे केले, आणि लहान खडे असोत वा मोठे, दोन्हींत पहिलीच पद्धत पुढे निघाली. कारण रुग्णांच्या वाटणीत होते. अवघड, मोठ्या खड्यांचे २६३ रुग्ण पहिल्या पद्धतीकडे होते आणि दुसरीकडे केवळ ८०. दुसऱ्या पद्धतीच्या मोठ्या यशात तिच्या वाट्याला आलेल्या सोप्या रुग्णांचा हात होता.

यात काय झालं ते बघा. सहाच्या सहा टक्केवाऱ्या गेल्या. त्याऐवजी दोन बेरजा आल्या आणि स्लाइडवर नसलेले दोन आकडे, २६३ आणि ८०, आत आले. 'आधी', 'मग', 'कारण' असं चालत प्रश्नचिन्हांचं उत्तर परिच्छेदात आलं. वाचकाला गटवार टक्केवारी हवी असेल तर बाजूला छोटा तक्ता द्या. परिच्छेदात घालू नका. मजकूर आणि तक्ता दोन्हीकडे तेच आकडे असले की वाचक दोन्हींवरून नुसती नजर फिरवतो.

एक जादाचा हिशेब इथे फार खुणावेल, निदान मला तरी खुणावतो. दोन्ही उपचारांना लहान-मोठ्या खड्यांचं सारखंच मिश्रण, म्हणजे एकूण ७०० रुग्णांत होतं ते, मिळालं असतं असं धरलं तर अ चं यश साधारण ८३ टक्के येतं आणि ब चं ७८. आकडे जवळजवळ जागा बदलतात! पाहुण्यांनी हे दाखवलं असेल तर एक वाक्य जरूर द्या. दाखवलं नसेल तर मोह आवरा. वृत्तान्त त्यांच्या व्याख्यानाचा आहे. तुम्हाला सुचलेलं त्यांच्या तोंडी गेलं तर ते पुढे कुठेतरी 'त्या व्याख्यानात म्हटल्याप्रमाणे' म्हणून उद्धृत होतं. रुग्णसंख्येचंही तसंच आहे. ती त्यांनी सांगितली होती का, हे आठवत नसेल तर विचारून घ्या.

पुढचा मुद्दा स्लाइडवरून लिहिताना सगळ्यांत जास्त नडतो. स्लाइडवर जागा कमी, म्हणून वक्ते 'बहुधा', 'या अभ्यासापुरतं', 'इतर गोष्टी सारख्या असतील तर' हे सगळं गाळतात आणि बोलताना भरून काढतात. वृत्तान्तात ते भरून काढणारं कोणी नसतं. या उदाहरणात धोका उघड आहे. वरचा परिच्छेद वाचून कोणी म्हणेल, 'म्हणजे मोठा छेद देऊन केलेली शस्त्रक्रियाच चांगली.' अभ्यास तसं म्हणत नाही. रुग्णांना उपचार चिठ्ठ्या टाकून दिलेले नव्हते, त्यामुळे खड्याच्या आकाराखेरीज आणखीही फरक असू शकतात. यश म्हणजे काय, तर तीन महिन्यांनी खडे नाहीसे झालेले असणं किंवा दोन मिलिमीटरपेक्षा लहान राहिलेले असणं. आणि त्याच अभ्यासात ध्वनिलहरींनी खडा फोडण्याची तिसरी पद्धतही होती, जी संख्याशास्त्राच्या उदाहरणात कोणी घेत नाही. एका पानात हे सगळं नको. 'ही जुनी आकडेवारी उदाहरणापुरती होती. आज कोणता उपचार घ्यावा याबद्दल ती काही सांगत नाही' एवढं एक वाक्य पुरेल. पण ते हवंच. माजी विद्यार्थ्यांपर्यंत जाणाऱ्या वार्तापत्रात मूतखडा असलेला वाचक नक्की असतो.

हा मुद्दा तुमच्या बाकीच्या स्लाइडनाही लावून बघा. जिथे बाण दिसेल तिथे थांबा. 'गटवारी → योग्य निष्कर्ष' असं स्लाइडवर असेल तर त्या बाणाचा अर्थ 'मुळे', 'नंतर', 'कडे नेतं' की 'कधी कधी' हे स्लाइड सांगत नाही. या विषयात तर हा फरक फार मोठा आहे, कारण गट पाडल्यावर निघालेला निष्कर्ष नेहमीच बरोबर असतो असं नाही. गट उपचाराच्या आधीच्या गोष्टीवरून पाडले, जसा खड्याचा आकार, तर गटवार बघणं योग्य ठरतं. उपचारामुळे बदलणाऱ्या गोष्टीवरून पाडले, समजा उपचारानंतरच्या रक्तदाबावरून, तर गटवार तुलनाच दिशाभूल करू शकते. पाहुण्यांनी यावर काही सांगितलं असेल तर तेच तुमच्या वृत्तान्ताचं दुसरं महत्त्वाचं वाक्य. 'आकडेवारीचे नेहमी गट पाडून विश्लेषण करावे' असं लिहिलंत तर त्यांच्या म्हणण्याच्या उलट छापलं जाईल.

आता सुरुवात. 'विभागाच्या वतीने अमुक तारखेला अमुक यांचे व्याख्यान आयोजित करण्यात आले होते. त्यांनी विद्यार्थ्यांना मोलाचे मार्गदर्शन केले' ही वाक्यं कुठल्याही व्याख्यानाला चालतात, म्हणूनच ती कोणी वाचत नाही. पण नाव, हुद्दा, तारीख टाळताही येत नाही. विभागाला नोंद म्हणून ती लागते. मी ती शीर्षकाखाली बारीक अक्षरांत एका ओळीत घेते: वक्त्याचं नाव, संस्था, व्याख्यानाचं शीर्षक, तारीख. तुमचे संपादक तशी जागा देत नसतील तर पहिल्या वाक्यात विषयाच्या पोटात घाला: 'मूतखडा लहान असो वा मोठा, दोन्हींत सरस असलेला एखादा उपचार तरीही एकूणात मागे पडू शकतो का, या प्रश्नापासून अमुक विद्यापीठातील अमुक यांनी अमुक तारखेच्या व्याख्यानाला सुरुवात केली.' प्रश्न आणि नोंद एकाच वाक्यात उरकतात. व्याख्यानाचं शीर्षक 'सिम्पसनचा विरोधाभास' असलं तरी वृत्तान्ताचं तेच ठेवू नका. 'दोन्ही गटांत सरस, तरी एकूणात मागे' असं काही दिलंत तर विभागाबाहेरचा वाचकही थांबेल.

शेवटाला आभाराच्या वाक्यापेक्षा प्रश्नोत्तरं घ्या. ती स्लाइडवर असण्याचा प्रश्नच नाही, म्हणून स्लाइडवरून लिहिणारे ती नेहमी विसरतात. तुम्ही हजर होता, शेजारी बसलेल्या दोघांना विचारा की कोणता प्रश्न आठवतोय. दोघांना एकच आठवला तर तो घ्या. विचारणाऱ्याचं नाव द्यायचं तर त्याला विचारून द्या. नाही तर 'एका विद्यार्थिनीच्या प्रश्नावर' पुरतं. उत्तर अवतरणचिन्हांत घालायचं असेल तर शब्द तेच होते याची खात्री हवी. नसेल तर चिन्हं काढा आणि 'त्यांचे म्हणणे होते की' असं लिहा.

लांबीचं म्हणाल तर ए-फोर पानावर वार्तापत्राचा मथळा, शीर्षक, एक फोटो आणि त्याखालची ओळ गेल्यावर बारा पॉइंटच्या देवनागरीत साडेतीनशे ते चारशे शब्द मावतात. मात्रा-वेलांट्यांमुळे ओळींत जरा जास्त अंतर लागतं, म्हणून इंग्रजी वार्तापत्राच्या शब्दमर्यादेवर जाऊ नका; आपल्या मागच्या अंकातल्या एका पानाचे शब्द मोजा. उदाहरणाला त्यातले निम्मे द्या. इतकं कशाला असं वाटेल, पण वाचकाच्या डोक्यात तेच राहणार आहे. उरलेल्यात सुरुवात, 'गट कधी पाडावेत' हा मुद्दा आणि प्रश्नोत्तर बसवा.

फोटो आणि तक्ता दोन्हींना जागा नसेल तर मी तक्ता ठेवते. भिंतीवरच्या पडद्यासमोर उभी असलेली व्यक्ती सगळ्या अंकांत सारखीच दिसते. पण वार्तापत्रात चेहरा हवाच असा विभागप्रमुखांचा आग्रह असेल तर फोटो लहान करा आणि त्याखालच्या ओळीला कामाला लावा: नुसतं 'व्याख्यान देताना अमुक' न लिहिता एखादा आकडा किंवा प्रश्न तिथे हलवा, तेवढाच मजकूर मोकळा होतो. स्लाइडचं चित्र जसंच्या तसं चिकटवू नका. पडद्यासाठी केलेली स्लाइड पानाच्या तिसऱ्या हिश्श्यात आणली की अक्षरं वाचता येत नाहीत. शिवाय त्यावरची आकृती पाहुण्यांनी दुसऱ्या कुणाच्या पुस्तकातून घेतलेली असेल तर त्यांची परवानगी पुरत नाही. तक्ता स्वतः करा, चार ओळींचा, आणि आकडे कुठून घेतले ते खाली लिहा.

छापायला देण्याआधी तुमच्या मसुद्यातला प्रत्येक आकडा बोट ठेवून तपासा, आणि जिथे बेरीज करता येते तिथे करा. ८१ अधिक १९२ म्हणजे २७३. २३४ अधिक ५५ म्हणजे २८९. स्लाइडवर कधी कधी पूर्णांकात आणलेली टक्केवारी असते आणि तोंडी नेमका आकडा सांगितलेला असतो. दोन्ही मिसळले की वृत्तान्तातली बेरीज जुळत नाही. संख्याशास्त्र विभागाच्या वार्तापत्रात तर कोणीतरी कागद घेऊन बसणारच.

मग मसुदा पाहुण्यांना पाठवा, पण 'कृपया पाहून घ्यावे' एवढंच लिहू नका. त्यावर एक तर 'छान आहे' येतं किंवा काहीच येत नाही. नेमके तीन प्रश्न विचारा: मूतखड्याच्या उदाहरणाचा अर्थ बरोबर उतरला आहे का, गट कधी पाडावेत याबद्दलचं वाक्य तुमच्या म्हणण्याला धरून आहे का, फाइलमध्ये काही अप्रकाशित काम आहे का जे छापू नये? तिसरा प्रश्न विसरू नका. स्वतःच्या चालू संशोधनाचे आकडे पाहुणे चार भिंतींच्या आत मोकळेपणानं दाखवतात, पण छापील अंकात ते नको असू शकतात. उत्तराची तारीख द्या, आणि त्या तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर ज्या वाक्याची खात्री नाही तेवढं काढून बाकीचं छापा. फाइलमध्ये त्यांचे स्वतःचे नवे आकडे दिसत असतील तर ते मात्र उत्तराशिवाय अजिबात छापू नका.

कधी उलटही होतं. पाहुणे मसुद्यात दोन परिच्छेदांची भर घालतात, गाळलेला इतिहास परत येतो, बर्कलीही सविस्तर येतं आणि पान दीड पानाचं होतं. चुकांची दुरुस्ती लगेच स्वीकारा. भर मात्र मूळ फाइलच्या दुव्याकडे वळवा, आणि तरी आग्रह राहिलाच तर संपादकांचं नाव पुढे करा. जागा नाही हे सांगणं त्यांचं काम आहे.